विवाह-छायाचित्रकाराची निवड आणि नमुनाचित्रांच्या सत्यतेची पडताळणी

सारांश

छायाचित्रकारास काम देण्यापूर्वी त्याने दाखविलेली चित्रे त्याचीच आहेत किंवा नाहीत हे पाहणे आज पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. दुसऱ्याचे चित्र उचलणे सोपे होते. आता न घडलेल्या समारंभाचे चित्र संगणकाकडून तयार करून घेणेही सोपे झाले आहे. प्रस्तुत लेखात विवाह-छायाचित्रणाचे क्षेत्र उदाहरणादाखल घेऊन पडताळणीच्या तीन पायऱ्यांचे विवेचन केले आहे: प्रतिमेवरून शोध, फाइलमधील नोंदींची तपासणी आणि चित्राच्या चौकटीबाहेरील पुराव्याची मागणी. प्रत्येक पायरीच्या मर्यादाही स्पष्ट केल्या आहेत.

बीजशब्द : नमुनासंग्रह, प्रतिमाशोध, मेटाडेटा, रॉ फाइल, कृत्रिम प्रतिमा, स्वामित्वहक्क.

१. प्रस्तावना

विवाह हा पुन्हा न होणारा प्रसंग आहे. अंतरपाट दूर होण्याचा क्षण छायाचित्रकाराच्या हातून निसटला, तर तो परत घेता येत नाही. म्हणूनच वधूवरांकडील मंडळी छायाचित्रकाराची निवड त्याच्या जुन्या कामावरून करतात आणि मुहूर्ताच्या कित्येक महिने आधी आगाऊ रक्कम देतात. ज्यास व्यवहारात पोर्टफोलिओ म्हणतात तो नमुनासंग्रह हाच या विश्वासाचा एकमेव आधार असतो. हा आधारच खोटा निघाला तर फसवणूक उघडकीस येते ती विवाहानंतर, अल्बम हाती आल्यावर. आणि तेव्हा नुकसानभरपाई मिळाली तरी चित्रे मिळत नाहीत.

हे संकट केवळ अनभिज्ञ ग्राहकांवरच येते असे मानण्याचे कारण नाही. सन २०१७ मध्ये ‘एदुआर्दो मार्टिन्स’ या नावाने वावरणाऱ्या एका तथाकथित ब्राझिलियन युद्ध-छायाचित्रकाराचे बिंग फुटले. इन्स्टाग्रामवर त्याचे एक लाखाहून अधिक अनुयायी होते, आणि प्रतिष्ठित वृत्तसंस्थांनी त्याची छायाचित्रे वापरली होती. प्रत्यक्षात ती छायाचित्रे अन्य छायाचित्रकारांची, विशेषतः अमेरिकन छायाचित्रकार डॅनियल ब्रिट यांची होती. चोरी लक्षात येऊ नये म्हणून अनेक चित्रे आरशातल्याप्रमाणे डावी-उजवी उलटवलेली होती. स्वतःचे म्हणून त्याने दिलेले चेहऱ्याचे छायाचित्रदेखील एका ब्रिटिश सर्फरचे होते. छायाचित्रे निवडणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या संपादकांनाही केवळ चित्रे पाहून हा प्रकार ओळखता आला नाही, ही बाब लक्षणीय आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) चोरलेले व कृत्रिमरीत्या निर्माण केलेले नमुनाचित्र ओळखण्याची क्रमवार पद्धती मांडणे.
२) प्रत्येक पद्धतीच्या मर्यादा सांगून प्रामाणिक छायाचित्रकारावर अन्याय कसा टाळता येईल हे पाहणे.

विवेचनासाठी विवाह-छायाचित्रणाचे क्षेत्र निवडले असले तरी हीच पद्धती ग्रंथमुखपृष्ठांचे किंवा बोधचिन्हांचे संकल्पक निवडतानाही बहुतांशी लागू पडते. तेथे रॉ फाइलऐवजी संकल्पकाची थरांसहित मूळ फाइल आणि नाकारलेले आराखडे मागावे लागतात, एवढाच फरक होय.

३. नुसत्या नजरेवर विसंबता येते काय?

कृत्रिम चित्र ‘पाहताच कळते’ असा अनेकांचा समज आहे. दोन घटना या समजाला छेद देतात. सन २०२३ मध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डाग्सेन यांच्या ‘द इलेक्ट्रिशियन’ या चित्रास सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेत पारितोषिक मिळाले. ते चित्र संगणकाने निर्माण केलेले असल्याचे सांगून त्यांनी ते नाकारले. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, उलट प्रकार घडला. माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने मान अंगाखाली वळवलेल्या, त्यामुळे बिनडोक्याचा भासणाऱ्या फ्लेमिंगोचे खरेखुरे छायाचित्र एका स्पर्धेच्या कृत्रिम प्रतिमांच्या विभागात पाठविले. तेथे ते पारितोषिकपात्र ठरले, आणि सत्य कळल्यावर बाद झाले. म्हणजेच जाणकार परीक्षकांची नजर दोन्ही दिशांनी चुकू शकते.

तथापि नजरेचा उपयोग अजिबात नाही असेही नव्हे. महाराष्ट्रीय विवाहाच्या चित्रात काही जागा विशेष निरखून पाहण्यासारख्या असतात. मुंडावळ्यांची प्रत्येक सर कोठून सुरू होऊन कोठे संपते? मंगळसूत्राच्या दोन वाट्या सारख्या आहेत काय? हातातील चुड्यांची कडी पूर्ण फिरतात की मध्येच त्वचेत विरतात? मागील फलकावरील देवनागरी अक्षरे वाचता येतात काय, की केवळ अक्षरांसारखे आकार आहेत? कृत्रिम प्रतिमांमध्ये अशा ठिकाणी गफलत होत आली आहे. परंतु ही लक्षणे वर्षागणिक कमी होत चालली आहेत. शिवाय अतिरिक्त रीटचिंगमुळे खऱ्या चित्रातही अशा खुणा उमटतात. प्रतिमा कृत्रिम आहे किंवा कसे हे टक्केवारीत सांगणारी संगणकीय साधनेही खऱ्या चित्रास कृत्रिम आणि कृत्रिमास खरे ठरवितात. सबब नजरेने व अशा साधनांनी केवळ संशय नोंदवावा, निर्णय करू नये.

४. पहिली पायरी : प्रतिमेवरून शोध

चोरीच्या चित्राचा माग काढण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे प्रतिमाशोध. शब्दाऐवजी चित्रच देऊन ते आणखी कोठे प्रसिद्ध झाले आहे हे येथे शोधले जाते. टिनआय, गुगल लेन्स, बिंग आणि यांडेक्स ही त्यासाठीची प्रचलित स्थळे होत. त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. टिनआय हुबेहूब तेच चित्र, मग ते लहान केलेले वा कडा कापलेले असो, शोधते आणि सापडलेल्या प्रती जुन्यापासून नव्यापर्यंत लावून देते. गुगल लेन्स मात्र ‘यासारखे’ दिसणारे बरेच काही दाखवते. तेथे तंतोतंत जुळणीचा विभाग स्वतंत्रपणे उघडून पाहावा लागतो. एका स्थळावर काही न सापडणे म्हणजे चित्र मूळचे आहे असे नव्हे. म्हणून किमान दोन स्थळांवर शोध घ्यावा.

मार्टिन्स प्रकरणाचा धडा येथे उपयोगी पडतो. उलटवलेले चित्र अशा शोधातून पुष्कळदा निसटते. म्हणून प्रत्येक चित्र एकदा जसेच्या तसे आणि एकदा उलटवून शोधावे. भ्रमणध्वनीतील कोणत्याही चित्रसंपादकात ही सोय असते. संगणकावर इमेजमॅजिक या मुक्त साधनाने ते पुढील आज्ञेने करता येते :

```
magick namuna.jpg -flop ulat.jpg
```

चित्र उलटवलेले असल्याचा संशय पुष्कळदा चित्रातूनच येतो. महाराष्ट्रीय वधूची नथ सामान्यतः डाव्या नाकपुडीत असते आणि पदर डाव्या खांद्यावर. पुरुषाच्या सदऱ्याची डावी पट्टी उजवीवर येते. एकाच चित्रात नथ उजवीकडे, पदर उजव्या खांद्यावर आणि सदऱ्याची पट्टी विरुद्ध बाजूने असेल, तर ते चित्र उलटवलेले आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. यांपैकी एकच गोष्ट आढळली तर मात्र ती घराण्याची रीत किंवा व्यक्तीची आवडही असू शकेल.

या पायरीच्या दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. पहिली, खासगी खात्यांवरील चित्रे आणि वधूवरांना पेनड्राइव्हवर दिलेली चित्रे शोधयंत्रांपर्यंत पोहोचतच नाहीत. तसेच नव्याने निर्माण केलेल्या कृत्रिम चित्राची जुनी प्रत असणारच नाही. दुसरी, टिनआय दाखवते ती तारीख त्या यंत्रास ती प्रत प्रथम आढळल्याची असते, प्रसिद्धीची नव्हे. त्यामुळे ‘ज्याची तारीख जुनी तो मालक’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. आपल्यासमोरील छायाचित्रकाराचेच चित्र दुसऱ्याने चोरलेले असणे पूर्णतः शक्य आहे. अशा वेळी अधिक मोठ्या मापाची आणि कडा न कापलेली प्रत कोणापाशी आहे हे पाहावे. उचललेल्या चित्राच्या कडेपलीकडे काय होते हे चोरास दाखविता येत नाही.

५. दुसरी पायरी : फाइलमधील नोंदी

डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्रासोबत कॅमेऱ्याचे नाव, भिंग, चित्र घेतल्याची वेळ, आणि अनेक कॅमेऱ्यांत त्यांचा अनुक्रमांकसुद्धा, फाइलमध्ये लिहून ठेवतो. यास मेटाडेटा म्हणतात. मात्र व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविलेल्या आणि इन्स्टाग्रामवरून उतरवून घेतलेल्या चित्रातून या नोंदी पुसल्या जातात. म्हणून छायाचित्रकारास चित्रे ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ स्वरूपात पाठविण्यास सांगावे. त्यानंतर एक्झिफटूल या मुक्त साधनाने पुढीलप्रमाणे नोंदी वाचता येतात :

```
exiftool -Model -SerialNumber -DateTimeOriginal -Software -DigitalSourceType namuna.jpg
```

येथे दोन गोष्टी पाहावयाच्या. एक, संग्रहातील चित्रे एक-दोन कॅमेऱ्यांच्याच मालिकेत बसतात की प्रत्येक चित्र निराळ्या कॅमेऱ्याचे आहे? भाड्याने कॅमेरा घेणारे छायाचित्रकार असतातच. पण बारा चित्रांस नऊ कॅमेरे हे स्पष्टीकरण मागण्याजोगे आहे. दोन, `DigitalSourceType` या ओळीत `trainedAlgorithmicMedia` असे आढळले, तर ती प्रतिमा कृत्रिम असल्याची नोंद तिच्या निर्मितीसाधनानेच केलेली आहे असे समजावे.

तथापि नोंदी नसणे हा दोषाचा पुरावा नव्हे, कारण संकेतस्थळासाठी चित्र लहान करतानाही त्या गळून पडतात. नोंदी असणे हा निर्दोषत्वाचाही पुरावा नव्हे, कारण ज्या साधनाने त्या वाचता येतात त्याच साधनाने त्या बदलताही येतात. सन २०२३ पासून काही कॅमेरे चित्र घेतानाच त्यास स्वाक्षरीयुक्त उगमपत्र जोडू लागले. लायका कंपनीचा एम११-पी हा त्यांतील पहिला. परंतु अशा कॅमेऱ्यांचा प्रसार मर्यादित असल्याने उगमपत्राचा अभाव छायाचित्रकाराच्या विरुद्ध धरता येणार नाही.

६. तिसरी पायरी : चौकटीबाहेरील पुरावा

वरील दोन्ही पायऱ्या दाखविलेल्या चित्रापुरत्या मर्यादित आहेत. सर्वांत भक्कम पुरावा मात्र न दाखविलेल्या चित्रांत असतो. विवाहात छायाचित्रकार एका क्षणासाठी एकच चित्र घेत नाही. पाठोपाठ अनेक घेतो. त्यांतील एकात वराचे डोळे मिटलेले असतात, दुसऱ्यात मध्ये कोणाचा तरी हात येतो, तिसरे निवडले जाते. चोरापाशी केवळ ते तिसरे असते. कृत्रिम चित्र तयार करणाऱ्यापाशीही ते एकटेच असते; आणि त्याने आजूबाजूची चित्रे नव्याने तयार करून घेतली तरी त्यांत तीच माणसे, तेच दागिने, तोच मंडप आणि क्षणाक्षणाने पुढे सरकणारी हालचाल शेवटपर्यंत सुसंगत ठेवणे कठीण जाते.

म्हणून आपण निवडलेल्या दोन-तीन चित्रांच्या लगतची, त्याआधीची पाच आणि नंतरची पाच चित्रे रॉ स्वरूपात पाहण्याची विनंती करावी. रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावरील जवळजवळ असंस्कारित नोंद होय. कॅननच्या अशा फाइलचे नाव `.CR2` किंवा `.CR3` ने, निकॉनचे `.NEF` ने, तर सोनीचे `.ARW` ने संपते. तयार जेपीजी चित्रापासून विश्वसनीय रॉ फाइल बनविणे सामान्य फसवणूक करणाऱ्याच्या आवाक्यातील नाही. फाइलचे क्रमांक सलग आहेत काय आणि वेळ त्यांच्याबरोबर पुढे सरकते काय, हे छायाचित्रणाचे ज्ञान नसलेल्या व्यक्तीसही पाहता येते.

येथे छायाचित्रकाराच्या अडचणींचीही जाण हवी. रॉ फाइली मोठ्या असल्याने अनेकजण काम पूर्ण झाल्यावर त्या पुसून टाकतात. म्हणून चार वर्षांपूर्वीच्या नव्हे, तर गेल्या वर्षभरातील विवाहाविषयी विचारावे. शिवाय ती चित्रे दुसऱ्या कुटुंबाची खासगी बाब असते. फाइली देण्यास नकार मिळाला तर तो योग्यच मानावा आणि त्याच्या स्टुडिओत बसून त्याच्याच संगणकावर त्या पाहाव्यात. दूरच्या गावी असल्यास व्हिडिओ कॉलवर पडदा दाखविण्यास सांगावे.

याच भेटीत एका विवाहाचा संपूर्ण अल्बम पाहावा. नमुनासंग्रहातील बारा चित्रे बारा विवाहांची असू शकतात. परंतु काळोख्या मंगल कार्यालयात पिवळे दिवे आणि पांढऱ्या नळ्या एकत्र असताना छायाचित्रकाराने त्वचेचा रंग कसा सांभाळला, पंगतीची आणि वृद्ध नातेवाइकांची चित्रे कशी घेतली, हे संपूर्ण अल्बममध्येच दिसते. यातून आणखी एक बाब उघड होते. काही कार्यशाळांत व्यावसायिक मॉडेलला वधूवेष देऊन अनेक शिकाऊ छायाचित्रकार एकाच मांडणीची चित्रे घेतात. त्या चित्रांची रॉ फाइल, वेळ, कॅमेरा सर्व काही खरे असते. पण ते विवाहातील काम नसते. पहिल्या दोन पायऱ्यांत हा प्रकार सापडत नाही. संपूर्ण अल्बम मागताच सापडतो.

७. एक उदाहरण

वरील पद्धती कशी चालते हे स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कुटुंबापुढे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन छायाचित्रकार आहेत. प्रत्येकाने बारा चित्रे पाठविली आहेत.

‘अ’च्या चित्रांचा सरळ शोध घेतला असता काहीच सापडत नाही. परंतु पाचव्या चित्रात नथ आणि पदर दोन्ही उजवीकडे दिसतात. ते चित्र उलटवून शोधल्यावर दुसऱ्या शहरातील स्टुडिओच्या संकेतस्थळावर तेच चित्र सापडते, आणि तेथील प्रतीत डाव्या कडेला वधूची आई उभी आहे, जी ‘अ’च्या प्रतीत कापली गेली आहे. आठव्या चित्रात अंतरपाटावरील स्वस्तिकाची एक भुजा अपुरी आणि फलकावरील जोडाक्षरे निरर्थक आढळतात. हा केवळ संशय असल्याने त्या चित्राच्या लगतच्या फाइली मागितल्या जातात. हार्ड डिस्क बिघडल्याचे उत्तर येते. डिस्क खरोखर बिघडू शकते. म्हणून कोणत्याही अलीकडील विवाहाच्या फाइली दाखविल्या तरी चालतील असे सांगितले जाते. तेही शक्य होत नाही. येथे आठवे चित्र कृत्रिम होते हे सिद्ध झालेले नाही. परंतु पाचवे चित्र दुसऱ्याचे होते हे दिसून आले आहे आणि स्वतःचे एकही काम ‘अ’ दाखवू शकलेला नाही. नकार देण्यास एवढे पुरेसे आहे.

‘ब’चे दहावे चित्र पहिल्याच शोधात एका मोठ्या स्टुडिओच्या पानावर सापडते. घाईने निर्णय घेतला असता तर ‘ब’ बाद झाला असता. विचारणा केल्यावर तो सांगतो की त्या विवाहात तो त्या स्टुडिओचा दुय्यम छायाचित्रकार होता. स्टुडिओस दूरध्वनी केल्यावर त्यास दुजोरा मिळतो. ‘ब’ने हे चित्राखाली लिहावयास हवे होते, पण ही चोरी नव्हे. त्याच्या स्टुडिओत गेल्या हंगामातील एका विवाहाच्या फाइली पाहताना क्रमांक सलग आढळतात, क्वचित मध्ये खंड पडतो. त्याचे कारण म्हणजे वाया गेलेली चित्रे त्याने पुसली आहेत. वेळा मुहूर्ताशी जुळतात. संपूर्ण अल्बममध्ये काही चित्रे सामान्य आहेत. खऱ्या कामात ती असतातच.

८. स्वामित्वहक्क आणि करार

दुय्यम छायाचित्रकाराच्या उदाहरणावरून कर्तृत्व आणि मालकी या दोन भिन्न बाबी असल्याचे दिसते. भारतीय स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती त्याची कर्ता असते. परंतु कलम १७ नुसार मोबदला देऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा प्रथम मालक, विरुद्ध करार नसल्यास, ते काढवून घेणारा असतो. नोकरीत असताना काढलेल्या चित्रांचा सामान्यतः मालक-संस्था असते. म्हणजे नमुनासंग्रहातील चित्र छायाचित्रकाराने स्वतः घेतलेले असूनही ते वापरण्याची अनुमती त्याने संबंधित कुटुंबाकडून किंवा स्टुडिओकडून घेतलेली असणे आवश्यक ठरू शकते. ती घेतली आहे काय हा प्रश्न अवश्य विचारावा. आपल्या चित्रांचे उद्या काय होईल याचेही उत्तर त्यातून मिळते.

पडताळणी समाधानकारक झाल्यावर करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. विवाहास प्रत्यक्ष कोणती व्यक्ती कॅमेरा घेऊन येणार तिचे नाव. रॉ फाइली किती महिने जतन केल्या जातील. आणि चित्रांत माणसे, पार्श्वभूमी वा वस्तू कृत्रिमरीत्या घातल्या अथवा काढल्या जाणार असल्यास तशी पूर्वसूचना. पहिली अट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण नमुनासंग्रह अस्सल असूनही समारंभास दुसराच छायाचित्रकार येणे ही या व्यवसायातील नेहमीची तक्रार आहे.

९. निष्कर्ष

१) नमुनाचित्र खरे आहे किंवा नाही याचा निर्णय नुसत्या नजरेने वा ओळख सांगणाऱ्या साधनाने करता येत नाही, त्यांनी केवळ प्रश्न निर्माण होतात.

२) प्रतिमाशोधाने चोरी सापडू शकते, विशेषतः चित्र उलटवून शोधल्यास, परंतु काही न सापडणे हा अस्सलपणाचा पुरावा नाही आणि सापडणे हा नेहमीच चोरीचा पुरावा नाही.

३) फाइलमधील नोंदी उपयुक्त असल्या तरी त्या पुसता व बदलता येतात.

४) लगतच्या रॉ फाइली आणि एका विवाहाचा संपूर्ण अल्बम या दोन गोष्टी चोरलेल्या व कृत्रिम अशा दोन्ही प्रकारच्या चित्रांविरुद्ध सर्वाधिक विश्वसनीय कसोटी ठरतात. त्यासाठी एका भेटीपलीकडे खर्च येत नाही. मात्र ही भेट आगाऊ रक्कम देण्यापूर्वी झाली पाहिजे.